अड्डा : कोलकात्यात राहिलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

खिडकीपाशी
कॉलेजच्या ग्रुपवर काल निरोप आला. रविवारी भेटायचं, ५ ते ६ गप्पा, ६ ते साडेसहा पुढच्या सहलीचं ठरवणं, मग जेवण. त्याखाली एकाने विचारलंय, "गप्पांचा विषय काय?" हे वाचलं आणि मला बागबाजारची गल्ली आठवली, आणि तिथला अड्डा, म्हणजे बंगाल्यांच्या विषय न ठरवता रंगणाऱ्या गप्पा.

नव्वदच्या दशकात बँकेने कोलकात्याला पाठवलं होतं. खोली मिळाली ती उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरात. दाराच्या दोन्ही बाजूंना, गल्लीला लागून, अरुंद सिमेंटचा ओटा. त्याला तिकडे 'रोक' म्हणतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यावर पाच-सहा जण येऊन बसायचे. घरमालक त्यांच्यात असलाच तर एका कडेला. सुरुवातीला मी "नमस्कार" म्हणून वर जायचो. मग एकाने सरकून जागा केली.

एक संध्याकाळ सांगतो, म्हणजे कळेल. सुरुवात इलिशच्या भावावरून झाली. त्यावरून पद्मेचा मासा चांगला की कोलाघाटचा. पद्मा पूर्व बंगालची नदी, तिचं नाव निघालं की फाळणीच्या आगेमागे तिकडून आलेली घरं आणि इकडची मूळची घरं असे दोन तट पडतातच, आणि तिथून गाडी ईस्ट बंगाल–मोहन बागानच्या फुटबॉलवर. मोहन बागानवरून १९११ची शील्ड, अनवाणी खेळून गोऱ्यांच्या पलटणीला हरवलं ती. मग एकाने काढलं की अनवाणी खेळणाऱ्याला ओल्या मैदानावर त्रास होतो की बूटवाल्याला. यावर पाऊण तास! एक जण खरोखर चपला काढून गल्लीतल्या चिखलात उभा राहिला. इलिशचा भाव शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही.

घरी बायकोने विचारलं, काय बोलत होता इतका वेळ? सांगता येईना. मला वाटतं अड्डा झाला की नाही ते ओळखायची हीच खूण.

तुम्ही कुणी अनुभवलंय का? लिहा.

टाइमपास_टोणगा
शीर्षक वाचून मला वाटलं मटक्याचा धागा आहे 😄 आमच्या सासऱ्यांना सांगितलं असतं "कोलकात्याला अड्ड्यावर बसायचो" तर सोयरीक मोडली असती.

बाबूराव_नागपूरकर
अड्डा म्हणजे मूळचं कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊस. इंग्रजांनी १८७६ साली बंगाल्यांना बसून बोलायला बांधून दिलं, तिथून ही प्रथा सुरू झाली. बाकी सगळे त्याची नक्कल. मी दोनदा गेलोय, कॉफी सुमार.

शामबाजारकर
बाबूराव, १८७६ बरोबर, पण तो अल्बर्ट हॉल. सभा-व्याख्यानांची जागा. कॉफी तिथे आली १९४२ साली, कॉफी बोर्डाची. आणि १९५८ मध्ये बंदच होणार होतं, तेव्हा प्रेसिडेन्सी आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला, म्हणून पुन्हा उघडलं. आता कामगारांची सहकारी संस्था चालवते.

मी जन्माने तिकडचाच, वडील रेल्वेत होते. अड्डा कॉफी हाऊसच्या कितीतरी आधीचा. पण त्याआधी होता तो बैठकखाना. कुणी जमीनदार बाबू, त्याचा दिवाणखाना, त्याचा हुक्का, त्याचं खाणं, आणि भोवती हांजी हांजी करणारे. यजमान उठला की मैफल उठली. इतिहासकार दीपेश चक्रवर्तींनी या फरकावर छान लिहिलंय. अड्ड्यात यजमानच नाही. ज्याचा त्याने चहाचा पैसा द्यायचा.

म्हणून धागाकर्त्याने रोकचं लिहिलं ते मला फार पटलं. रोक कुणाच्या तरी घराचा असतो, पण घरात नसतो. त्यावर बसलेला पाहुणा नव्हे, म्हणून त्याला चहा विचारायची गरज नाही आणि त्यालाही कधी उठावं हा संकोच नाही. मधूनच येता येतं, मधूनच चालू वाक्यात घुसता येतं. घरात बोलावून केलेल्या गप्पांत हे होत नाही, तिथे कुणीतरी बिस्किटं आणतंच.

पल्लवी११
इन्फ्युजन म्हणजे काय तिथली ती? मेन्यूत पाहिलं होतं.

शामबाजारकर
बिनदुधाची काळी कॉफी. सगळ्यात स्वस्त, म्हणून विद्यार्थी एक घेऊन दोन तास टेबल अडवतात. पगडीवाले वेटर ओळखतात कोण उठणार नाही ते, आणि काही म्हणत नाहीत.

उत्तरेची_सून
भाकरी तव्यावर आहे, पटकन लिहिते.

शामबाजारकर दादा, "यजमान नाही" म्हणालात त्यावर हसले. माझं सासर हाटीबागानला, लग्न प्रेमाचं, मी सातारची. आमच्या रोकवर रोज अड्डा. चहा कोपऱ्यावरच्या दुकानातून भांड्यांत यायचा हे खरं. पण मुढी-तेलेभाजा, म्हणजे कुरमुरे आणि भजी? बेगुनी, पियाजी? ते आतून, सासूबाईंच्या हातचं. रात्री दहापर्यंत पुरुष बाहेर आणि जेवण झाकून आत वाट बघणाऱ्या आम्ही. ती उठायची घाई नसलेली माणसं होती कारण घरचं सगळं कुणीतरी करत होतं. यावर तुमचे इतिहासकार काही बोलतात का?

शामबाजारकर
बोलतात वहिनी. हा मुख्यतः पुरुषांचा प्रांत होता हे त्यांनी लिहिलंय. मी तेवढंच गाळलं 🙏

उत्तरेची_सून
बरं 😄 पण बायकांचाही असायचा. दुपारी गच्चीवर. हिवाळ्यात डाळीच्या बोड्या (आपले सांडगे समजा) वाळत घालायच्या आणि राखण करायच्या निमित्ताने तीन घरच्या बायका गच्चीच्या कठड्याला टेकून. त्याला कुणी अड्डा म्हणत नसे, पुरुष तर त्याला पीएनपीसी म्हणायचे. परनिंदा-परचर्चा. स्वतः रोकवर बसून निम्मा वेळ शेजारच्या डॉक्टरच्या मुलीचं बोलायचे ते मात्र बौद्धिक.

माझ्या नणंदेने मात्र युनिव्हर्सिटीत असताना कॉफी हाऊस गाठलं. तिथे मुलामुलींनी एका टेबलावर बसलेलं चालायचं, रोकवर कधीच नाही. ती म्हणते खरा अड्डा तिने तिथे पाहिला.

दादरचा_बंड्या
आमच्या शिवाजी पार्कचा कट्टा काय वेगळा आहे? उगाच बंगाल्यांचं कौतुक. आम्ही पण रात्री बारापर्यंत बसतो.

खिडकीपाशी
बंड्या, कट्टा जवळचाच. फरक मला एकच दिसला, आपण कट्ट्यावर बऱ्याचदा कुणाची तरी उडवत किंवा क्रिकेटवर बसतो, आणि दोन जण हळूच बाजूला जाऊन कामाचं बोलतात. रोकवर ते चालायचं नाही. एकदा मी एका वकिलाला भाडेकराराबद्दल विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "काल शोकाले चेंबारे एशो." उद्या सकाळी चेंबरला ये. बाकीचे माझ्याकडे असे बघत होते की मी देवळात चपला घालून शिरलोय. तेव्हा कळलं, इथे ओळखीचा उपयोग करून घ्यायचा नाही.

शामबाजारकर
याला जोडतो. अड्डा मोडतो तो भांडणाने नाही. भांडण तर रोजचं. तो मोडतो कुणी मास्तरकी सुरू केली की. एक जण सलग दहा मिनिटं बोलला, मध्ये कुणाला घुसू दिलं नाही, की ती सभा झाली, माणसं घड्याळ बघू लागतात. दुसरं, पैशांचा व्यवहार. आमच्या गल्लीत दोघांनी भागीदारीत झेरॉक्सचं दुकान टाकलं, त्यानंतर एक जण यायचा तर दुसरा यायचा नाही. आठेक महिन्यांत ओटा रिकामा.

आणि गप्प बसणारा एक लागतो. प्रत्येक अड्ड्यात असतो. थापा मारणारा असतो, त्याची थाप पकडणारा असतो, आणि हा तिसरा, जो फक्त ऐकतो नि हसतो. तो नसेल तर पहिले दोघे एकमेकांशी बोलून पाच मिनिटांत थकतात.

बाबूराव_नागपूरकर
लेखक सुकुमार राय यांचा क्लब होता ना, तोच पहिला अड्डा मग.

शामबाजारकर
मंडे क्लब, १९१५च्या सुमाराचा. पहिला नव्हे, आणि तो धड अड्डाही नव्हे, कारण सोमवार ठरलेला, निमंत्रणं जायची, निबंध वाचले जायचे. पण निमंत्रणं सुकुमारबाबू गमतीच्या पद्यात लिहायचे आणि खाणं इतकं व्हायचं की लोक त्याला मोंडा क्लब म्हणू लागले. मोंडा म्हणजे मिठाई. माझ्या मते अर्धा अड्डा. आमच्या घरी यावर एकमत नाही, भाऊ म्हणतो निबंध संपल्यावर जे चालायचं तो पूर्ण अड्डाच.

मीरा_ठाणे
सत्यजित रायांच्या 'आगंतुक'मध्ये (१९९१) यावर मस्त प्रसंग आहे. पाहुणा म्हणून आलेले मामा अड्डा ही बंगाल्यांची मिरास मानायला तयार होत नाहीत, थेट अथेन्सच्या व्यायामशाळांत नेतात सगळं. सॉक्रेटिस, प्लेटो वगैरे. मला तेव्हापासून पटलंय की बंड्याचं पण चूक नाही.

दादरचा_बंड्या
❤️ मीराताई

गोंयचो_पाव
आमच्या जुन्या घरांत दाराबाहेर बाल्कांव असता, दोनी वटांनी बसपाक सोपे. आजो तिथे सांजवेळार बसचो, वाटेन वचपी कोणूय थांबचो. पूण आता सगळ्यांनी ग्रील मारलां.

उत्तरेची_सून
तेच कोलकात्यात! आमच्या समोरच्या घराने रोकवर लोखंडी खिळे बसवलेत, कुणी बसू नये म्हणून. शेजारचं घर प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला गेलं, आता तिथे खाली गाड्या लागतात. ओटाच नाही तर बसणार कुठे. नवऱ्याचे मित्र आता व्हॉट्सॲपवर "अड्डा" नावाच्या ग्रुपवर सुप्रभात पाठवतात.

खिडकीपाशी
वीज जायची त्या रात्री सगळ्यात चांगला रंगायचा. वर पंखा बंद, खाली वारा. जिने उतरून आख्खी गल्ली बाहेर. इन्व्हर्टर आले आणि ते गेलं.

टाइमपास_टोणगा
व्हॉट्सॲपवरचा अड्डा का नाही पण? आम्ही पाच जण गेली कित्येक वर्षं रोज व्हिडिओ कॉलवर. एक मेलबर्नला. विषय नाही, काम नाही, ठरलेली वेळ नाही.

शामबाजारकर
टोणगा, तुमच्यात मधूनच सहावा कुणी रस्त्याने जाताना घुसू शकतो का? एवढंच विचारतो. बाकी तुमचं बरोबर असेल.

टाइमपास_टोणगा
आई येते मागून, "जेवायला चला" म्हणत. मेलबर्नवाला तिला रोज विचारतो आज भाजी काय.

शामबाजारकर
मग चालेल 😄

पल्लवी११
हिवाळ्यात तीन दिवस कोलकात्याला जातेय. मुढी-तेलेभाजा कुठे चांगला? आणि हाटीबागान लांब आहे का?

उत्तरेची_सून
शोभाबाजार सुतानुटी मेट्रोला उतर, तिथून चालत. संध्याकाळी पाचनंतर जा, तेल ताजं असतं. बेगुनी माग, वांग्याचा काप पातळ असेल तरच घे.

बाबूराव_नागपूरकर
आणि कॉफी हाऊसला कॉफी नको, कटलेट घ्या.