शब्दचर्चा : सलग ओळीतले शब्द कसे तोडायचे?

सायली_क : शब्दकोड्यात ही ओळ आली आहे : तीनदीपारकरूनघरीआली. 'तीन' सुटला, 'दीपा'ही सुटली, पुढे 'रकरून' उरलं. तिथे अडकले.

बोरूबहाद्दर : सर्वांत लांब शब्द आधी उचलला की असंच होतं. अक्षरं बारा, मधल्या फटी अकरा, म्हणजे तोडण्याच्या वाटा २०४८. पण 'र'पासून सुरू होणारा शब्दच मिळत नसल्याने 'पा' आणि 'र' यांच्यामधली फट बाद. आधी 'दीपा' आली असो वा दुसरं काही, ती फट पुन्हा तपासायची नाही. आता शेवटाकडून या : आली, घरी, करून, पार. उरलं 'तीनदी'. म्हणजे ती नदी.

मुक्ता : सोपी खूण सांगते. सुटा स्वर दिसला की नवा शब्द. बघा, 'आली'.

बोरूबहाद्दर : 'आ'ला बहुतेक वेळा चालेल. पण 'जाऊन', 'भाऊ', 'आई' यांचं काय करणार? उलट खूण मात्र पक्की आहे : मात्रेपासून शब्द सुरू होत नाही. म्हणून 'दीप' तोडून पुढे 'ार' उरवता येत नाही.

अप्पा_सातारकर : आमच्याकडे आजोबांचे मोडी कागद आहेत. आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली सलग अक्षरं, शब्दांत जागाच नाही. वर ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. ते वाचायलाही हीच युक्ती का?

बोरूबहाद्दर : अप्पा, तिथे आधी मायना, गावाची नावं, नेहमीची वाक्यं ओळखायची. कोड्यात तो आधार नसतो.

सायली_क : मी हे संगणकावर करून पाहिलं, शब्दकोशाची यादी घालून. उत्तरच येईना!

बोरूबहाद्दर : येणार कसं? कोशात 'घर', 'करणे', 'येणे' आहेत. 'घरी', 'करून', 'आली' नाहीत. मराठीत खरी अडचण हीच. यादी रूपांची हवी. पण रूपं भरली की फाटे वाढतात. 'करू' आणि 'न' दोन्ही चालले तर 'पार करू न घरी आली' हेही यादीच्या लेखी बरोबर! ते वाक्य नाही हे व्याकरणच सांगेल. आणि कोणी 'दी' यादीत घातला, तर 'तीन दी पार करून घरी आली' हेही तयार. आता बसा भांडत.

मुक्ता : म्हणजे उत्तर एकच असतं असं नाही?

बोरूबहाद्दर : 'रामालाकूडदे' सोडवा.

मुक्ता : रामा, लाकूड दे.

अप्पा_सातारकर : मी तर 'रामाला कूड दे' वाचलं. कुडाच्या भिंतीतला कूड.

सायली_क : कूड कोणी कोणाला देतं का?

अप्पा_सातारकर : बाजूच्या खोलीला दे म्हणतील, रामाला नाही, हे खरं. पण शब्द दोन्ही कोशातले आहेत. कोडं घालणाऱ्याने स्वल्पविराम खाल्ला, तर माझं उत्तर चूक कसं ठरवणार?