उत्तर: निकालानंतर शेअर वर, कॉल खाली

“डेल्टा ०.५ होता, निकालानंतर शेअर १० रुपये वर गेला, तरी कॉल खाली कसा?”

भावा, बाकी सगळं जागच्या जागी असताना शेअर एक रुपया हलला तर प्रीमियम किती हलेल, एवढंच डेल्टा सांगतो. निकालाच्या रात्री बाकी काहीच जागच्या जागी राहत नाही. समज, शेअर १००० ला, कॉल १००० चा, मुदत १० दिवस, अपेक्षित चढउतार ४० टक्के. प्रीमियम साधारण २६ रुपये. निकाल लागला, अनिश्चितता संपली, चढउतार २५ टक्क्यांवर आला. इथे प्रत्येक टक्क्याला सुमारे ६५ पैसे जातात, म्हणजे जवळपास १० रुपये गेले. एक दिवस सरल्याचा रुपयाभर. डेल्टाने दिले पाच. उरले २०-२१.

व्याजदराचं एवढ्यात मनावर घेऊ नको; दर एक टक्का वाढला तरी दहा दिवसांच्या या कॉलला १४ पैशांचाच फरक. वर्षभराचा ऑप्शन असता तर गोष्ट वेगळी. शाहूपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर सगळे फक्त शेअरची दिशा बोलतात. एनएसईच्या ऑप्शन चेनमधला IV, म्हणजे याच अपेक्षित चढउताराचा, रकाना निकालाआधी बघ, पुढच्या महिन्याच्या आकड्यापेक्षा तो बराच चढलेला असेल तर ही घसरण आधीच दिसते.