मदत हवी आहे: रसवंतीच्या चरकावरची एफओसी मोटर, `iq` पूर्ण दिसतो पण ताकद पाऊण भागच

उद्यमनगर_वर्कशॉप
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. उसाच्या रसाच्या गाड्यासाठी बॅटरीवर चालणारा चरक बनवतोय. ऊस अडकला की उलटा फिरवून सोडवायचा असतो, म्हणून मोटर दोन्ही बाजूंनी सारखीच चालायला हवी. मोटर 48 व्होल्टची, रोटरवर मॅग्नेट, ध्रुवांच्या 4 जोड्या. एन्कोडर एका फेऱ्याला 4096 काउंट देतो. ड्राइव्हचा प्रोग्रॅम मीच लिहिलाय:

```
th = 4 * 2*PI * (enc - offset) / 4096;
id =  i_al*cos(th) + i_be*sin(th);
iq = -i_al*sin(th) + i_be*cos(th);
```

`id` शून्यावर धरतो आणि `iq` ने टॉर्क मागतो. म्हणजे डीसी मोटरच्या आर्मेचरसारखं, जेवढे अँपिअर तेवढा जोर.

जोर मात्र तेवढा येत नाही. मोटर ड्रिल मशीनने फिरवून स्कोपवर व्होल्टेज बघितलं, त्यावरून हिशेब एका अँपिअरला 0.12 न्यूटन-मीटर निघतो. मग पट्टा काढला, शाफ्टला पाव मीटरची पट्टी बांधली, टोकाला स्प्रिंग काटा लावला आणि `iq` 20 दिला. काट्यावर 980 ग्रॅम यायला हवे होते, आले 730. उलट्या बाजूनेही तेवढेच. स्क्रीनवर `iq` अगदी 20.0, जराही हलत नाही.

दुसरी गोष्ट, पट्टा चढवून मोकळा चरक पूर्ण वेगात सोडला तर सरळ 3050 फेरे जातात, उलट 2800 वरच अडकतात. मॅग्नेट कमजोर झालेत का? उन्हाळ्याआधी गाडा द्यायचाय.

फर्मवेअर_संदीप
मॅग्नेट सोडा, प्रोसेसरचा उशीर बघा. करंट मोजल्यापासून व्होल्टेज बाहेर पडेपर्यंत साधारण दीड सायकल जाते. 10 किलोहर्ट्झला ते 150 मायक्रोसेकंद झाले. 3000 फेऱ्यांना तुमचा इलेक्ट्रिकल कोन तेवढ्यात जवळजवळ 11 अंश पुढे सरकतो. उलट पार्क करताना `th` मध्ये तेवढे मिळवा. माझ्या स्कूटरच्या कंट्रोलरला यानेच फरक पडला होता. पीआयचे गेनही एकदा तपासा.

उद्यमनगर_वर्कशॉप
संदीपभाऊ, मिळवून बघितलं. वरच्या वेगात आवाज थोडा मऊ झाला, पण काट्यावर 730 च.

शिरोली_फौंड्री
आमचंही असंच हाय भावा! वाळूच्या मिक्सरला 5 एचपीची साधी इंडक्शन मोटर, ड्राइव्ह व्हेक्टर मोडवर. सकाळी झ्याक चालतंय, दुपारी मोटर तापली की जोर कमी. आम्हीपण एन्कोडर फिरवून बघावा काय?

मेधा_ड्राइव्ह्ज
वर्कशॉपवाले दादा, मॅग्नेट बहुतेक ठणठणीत आहेत. कमजोर असते तर ड्रिलने फिरवल्यावर व्होल्टेजही कमी आलं असतं आणि तुमचा 0.12 चा आकडाच लहान निघाला असता.

संदीप म्हणतात तो उशीर खरा आहे, पण तो वेगाबरोबर वाढतो. शाफ्ट बांधून ठेवलेला असताना वेग शून्य, म्हणून उशिराचा कोनही शून्य. तरी जोर कमीच आहे. म्हणजे चूक उभ्या मोटरमध्येही आहे. मला `offset` वर संशय आहे.

स्क्रीनवरचा `iq` खरा मानू नका. तो तुमच्याच `th` वरून काढलेला आहे. `th` वाकडा असेल तर आकडा त्या वाकड्या चौकटीतला, आणि पीआय तोच इमानदारीने 20 वर धरून ठेवतो. खऱ्या चौकटीत जोर देणारा भाग 20 गुणिले कोनाच्या चुकीचा कोसाइन एवढाच उरतो. 730 भागिले 980 म्हणजे 0.745, म्हणजे चूक सुमारे 42 अंश इलेक्ट्रिकल. 4 जोड्या असल्याने शाफ्टवर ते जेमतेम साडेदहा अंश होतात, डोळ्याला कळणारही नाहीत.

उरलेला करंट जातो `id` मध्ये. एका दिशेला तो मॅग्नेटच्या विरुद्ध पडतो, फील्ड थोडं कमी होतं आणि वेग वर जातो. उलट्या दिशेला `iq` चं चिन्ह बदलतं, तसं त्या चोरट्या `id` चंही बदलतं. तिथे तो मॅग्नेटला मदत करतो आणि बॅटरीचं व्होल्टेज लवकर अपुरं पडतं. तुमचे 3050 आणि 2800 त्यातूनच आलेले दिसतात. निव्वळ पीआय बिघडला असता तर दोन दिशांत असा फरक पडला नसता.

आता सांगा, `offset` कसा काढलात?

उद्यमनगर_वर्कशॉप
ताई, नेहमीच्याच पद्धतीने. कोन 90 धरून 10 अँपिअर दिले, मग कोन 0 केला, रोटर थांबला तिथला इंडेक्स पल्सपासूनचा काउंट लिहून घेतला. 343 आला. पट्टा चढवलेलाच होता, सगळी जोडणी झाल्यावरच केलं.

मेधा_ड्राइव्ह्ज
तिथेच चुकलं. रोटरला शून्याकडे ओढणारा जोर कोनाच्या साइनप्रमाणे असतो. 90 अंशांवर 10 अँपिअरचे 1.2 न्यूटन-मीटर पूर्ण मिळतात, पण शून्याजवळ येईल तसा तो मरत जातो. चरकाची दातेचाकं हलवायला शाफ्टवर 0.8 लागत असतील तर 42 अंशांवरच ओढ आणि अडण बरोबरीला येतात, रोटर तिथेच बसतो. करंट 30 केला तरी 13 अंश राहतील.

पट्टा उतरवा. एकदा +90 वरून 0 ला आणा, एकदा -90 वरून, आणि दोन्ही काउंटची सरासरी घ्या. बेअरिंगची अडण दोन्हीकडून उलटसुलट पडते, म्हणून कटते. 180 वरून मात्र आणू नका, तिथे ओढ शून्य असते आणि रोटर जागचा हलतच नाही.

शिरोलीवाले भाऊ, तुमच्या मोटरला मॅग्नेटच नाही. तिथे फील्ड रोटरच्या सळ्यांमधल्या करंटने बनतं आणि त्याची जागा ड्राइव्ह स्लिपवरून हिशेबाने काढतो. त्या हिशेबात रोटरचा रेझिस्टन्स असतो आणि तो 80 अंश तापला की साधारण तीस टक्के वाढतो. एन्कोडर फिरवून काही होणार नाही. ऑटोट्यूनिंग थंड मोटरवर केलं होतं का?

शिरोली_फौंड्री
बसवणाऱ्यानं केलं होतं, थंडच असणार. रविवारी मिक्सर मोकळा असतोय, गरम करून परत करून बघतो.

उद्यमनगर_वर्कशॉप
ताई, रात्री पट्टा उतरवून केलं. एका बाजूने 212, दुसऱ्या बाजूने 236. सरासरी 224 टाकली. जुन्या 343 पासून 119 काउंटचा फरक, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच साडेदहा अंश. काट्यावर 960 ग्रॅम आले. पट्टा चढवल्यावर सरळ 2960, उलट 2930. सकाळी शेजारच्याकडून चार कांड्या आणल्या, जाडजूड ऊस असूनही चरक थांबला नाही. मनापासून आभार.

एक अडचण उरलीच. एन्कोडर इन्क्रिमेंटल आहे, लाइट गेली की विसरतो. मी सुरू करताना पट्टा हाताने ओढून इंडेक्स पल्स आणतो. रंकाळ्यावर गाडा लावणारा माणूस हे रोज कसं करेल? आणि चरकात अर्धा ऊस असताना बंद पडला तर?

फर्मवेअर_संदीप
मोटरला हॉल सेन्सरच्या पाच बारीक वायरी आहेत का? हॉलवरून सुरू करा. कोन जास्तीत जास्त 30 अंश चुकेल, म्हणजे वाईटात वाईट 87 टक्के जोर मिळेल. पहिला इंडेक्स आला की एन्कोडरवर जा.

मेधा_ड्राइव्ह्ज
हे चालेल, फक्त एन्कोडरवर जाताना `th` एका झटक्यात बदलू नका, दातेचाकांना हिसका बसेल. हॉल प्रत्यक्षात कुठे बदलतात तेही दोन्ही बाजूंनी फिरवून नोंदवा, बसवताना ते पाच-सात अंश इकडेतिकडे झालेले असतात.

उद्यमनगर_वर्कशॉप
केसिंगमधून फक्त तीन जाड वायरी बाहेर आल्यात. आत हॉल आहेत की नाही हे मागचं झाकण उघडल्यावरच कळेल. उद्या उघडतो आणि इथेच लिहितो. नसतील तर काय करायचं, कुणी केलं असेल तर सांगा.