मदत हवी आहे: योहान 21 मधला 'अगापाओ–फिलेओ' फरक प्रवचनात सांगावा का?

नवा_उपदेशक:
सलाम. रविवारी योहान 21:15-17 वर वचनवार संदेश द्यायचा आहे. येशू दोनदा 'अगापास' विचारतो, पेत्र दरवेळी 'फिलो' म्हणतो, आणि तिसऱ्यांदा येशूच 'फिलेइस' विचारतो. म्हणजे पेत्राला दैवी प्रीती जमली नाही आणि प्रभू त्याच्या पातळीवर उतरला, असा मुद्दा काढला आहे. अर्धा संदेश त्यावरच उभा आहे. कोश बघून हे ठामपणे सांगता येईल का?

शांतीवन:
बिनधास्त सांगा. स्ट्राँगमध्ये 25 आणि 5368 असे दोन वेगळे क्रमांक आहेत, म्हणजे अर्थही वेगळे. अगापे म्हणजे देवाची निःस्वार्थ प्रीती, फिलेओ म्हणजे मैत्री.

कोशवाचक:
शांतीवन, दोन शब्द आहेत म्हणून दोन क्रमांक आहेत, अर्थाचा निवाडा त्यात नाही. स्ट्राँग ही मुळात 1890 सालची इंग्रजी बायबलची शब्दसूची आहे. तिच्या कोशाच्या भागात शेवटी दिलेली यादी म्हणजे त्या एका भाषांतराने तो शब्द कुठे कुठे कसा उतरवला एवढंच. ती अख्खी यादी एका वचनात ओतता येत नाही.

नवा_उपदेशक, कोश उघडण्याआधी एक काम करा. ग्रीक शब्दावरून शोध लावून योहानाच्या शुभवर्तमानातल्या दोन्ही क्रियापदांच्या जागा कागदावर काढा. अगापाओ 37 वेळा येतं, फिलेओ 13 वेळा. एक संध्याकाळ पुरते. मग या जोड्या समोरासमोर ठेवा: पिता पुत्रावर प्रीती करतो, 3:35 मध्ये अगापाओ, 5:20 मध्ये फिलेओ. 'ज्या शिष्यावर येशूची प्रीती होती' तिथे 13:23, 19:26, 21:7 मध्ये अगापाओ, 20:2 मध्ये फिलेओ. पित्याची पुत्रावरची प्रीती दोन अध्यायांत कमी झाली असं कोण म्हणेल? आणि 3:19 मध्ये लोकांनी अंधारावर प्रीती केली, तिथेही अगापाओच. 2 शमुवेल 13 च्या जुन्या ग्रीक भाषांतरात तामारबद्दलच्या अम्नोनाच्या वासनेलाही तेच क्रियापद लावलंय. म्हणजे 'दैवी' हा रंग शब्दात नाही; तो कर्ता, कर्म आणि संदर्भ यांतून येतो.

यानंतर मोठा कोश उघडा. आपलं वचन कोणत्या क्रमांकाच्या अर्थाखाली ठेवलंय ते बघा आणि त्याच अर्थाखालची बाकीची वचनं वाचा. पण वचन कुठे ठेवायचं हाही कोशकाराचा निर्णयच असतो, पुरावा नव्हे.

स्तोत्रप्रेमी:
मग स्तोत्र 136 मधल्या 'हेसेद'ला कोणता एक शब्द वापरू? ॲपमध्ये 'दया' आणि 'निंदा' दोन्ही दिसतात!

कोशवाचक:
वेगळा धागा काढा, पण ही गफलत त्याच जातीची आहे. लेवीय 20:17 मधला 'लाजिरवाणं कृत्य' अर्थाचा हेसेद दिसायला तोच, पण मोठे हिब्रू कोश त्याची वेगळी नोंद करतात. स्ट्राँगमध्ये दोन्ही एकाच क्रमांकाखाली आहेत.

मार्था_ताई:
कोशवाचक भाऊ, तरी तिसऱ्यांदा येशू मुद्दाम शब्द बदलतो, ते उगाच कसं असेल? मोठमोठ्या टीकाकारांनीही फरक मानला आहे.

कोशवाचक:
मानला आहे ताई, पण उलटसुलट. 19व्या शतकात वेस्टकॉटला अगापाओ उच्च वाटलं, तर ट्रेंचच्या मते तेच थंड होतं आणि पेत्र जास्त जिव्हाळ्याचं फिलेओ वापरत होता. याच तीन वचनांत 'कोकरे' आणि 'मेंढरे' बदलतात, 'चार' आणि 'पाळ' बदलतात, 17 मध्ये 'तुला ठाऊक आहे' यासाठीही दोन क्रियापदं आहेत. त्यांवर कोणी संदेश उभारत नाही. प्रीतीच्या जोडीलाच वेगळा न्याय लावायचा असेल तर कारण द्यावं लागेल.

शिवाय पेत्र दुःखी का झाला हे 17 वं वचनच सांगतं: तिसऱ्यांदा विचारलं म्हणून. हा धागा मजबूत आहे. 'अँथ्राकिया', कोळशांचा विस्तव, नव्या करारात दोनदाच येतो: 18:18, जिथे पेत्र नाकारतो, आणि 21:9. दुर्मीळ शब्द, एकच पुस्तक, तोच माणूस. इथेही 'लेखक आपल्याला ते अंगण आठवायला लावतो असं दिसतं' एवढंच म्हणा. वासाने पेत्राचा जीव कासावीस झाला, हे मजकुरात नाही.

नवा_उपदेशक:
म्हणजे फरकाचा उल्लेखच गाळू? मंडळीत पुष्कळांनी तो आधी ऐकलाय.

कोशवाचक:
गाळू नका, दोन वाक्यांत उरका: 'मूळ भाषेत इथे दोन क्रियापदं आहेत. योहान ती इतरत्र अदलाबदलीने वापरतो, म्हणून मी त्यावर भार टाकत नाही.' मग तीन प्रश्न, तीन नकार आणि 'माझी मेंढरे चार' यांकडे वळा.

मार्था_ताई:
जोड्यांची यादी पटली. पण त्या इतरत्रच्या आहेत, आणि इथे दोन्ही शब्द एकाच संभाषणात समोरासमोर आलेत. मला अजून ते सहज वाटत नाही.

कोशवाचक:
तो आक्षेप रास्त आहे, आणि फरक नाहीच हे मीही सिद्ध केलेलं नाही. फक्त अर्धा संदेश पेलण्याइतका पुरावा मला दिसत नाही.