नॉन-कॉम्पीट: सही करा आणि विसरा?

मालाडकर: नोकरीच्या करारातला नॉन-कॉम्पीट, म्हणजे सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट, निव्वळ कागदी वाघ. करार कायद्याच्या कलम २७ खाली सगळं रद्दबातल. डोळे झाकून सही ठोका आणि उद्या समोरच्या कंपनीत जा, कुठलंही कोर्ट अडवत नाही.

फोर्टची वकील: असलं वाचून पोरं बिनधास्त सही करतात आणि नोटीस आली की आमच्या पायऱ्या चढतात, म्हणून सविस्तर लिहिते. बंदी करार चालू असतानाची आहे की संपल्यानंतरची, हे कोर्ट आधी बघतं. नंतरची असेल तर तुमचं म्हणणं बरोबर. झहीर खानचा करार नोकरीचा नव्हे, जाहिरातींचा होता, पण तत्त्व तेच. तीन वर्षांची मुदत २००३ मध्ये संपली. तरीही नवी ऑफर आधी जुन्या कंपनीला दाखवायची आणि तेवढे पैसे द्यायची संधी तिला द्यायची, असं कलम होतं. मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाने ते लागू करायला नकार दिला आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तोच निकाल कायम केला.

आता करार चालू असतानाच्या बंदीचं कल्याणचं गोळीकरी प्रकरण बघा. टायर कॉर्डच्या, म्हणजे टायरमध्ये वापरायच्या धाग्याच्या, कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर, मार्च १९६३ पासून पाच वर्षांचा करार. परदेशी कंपनीकडून पैसे मोजून घेतलेलं तंत्र त्याला शिकवलं होतं. तो मध्येच सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत गेला आणि १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. परत कामावर ये, असं कोर्टाने सांगितलं नाही. उरलेल्या मुदतीत तेच काम दुसऱ्याकडे करायचं नाही, एवढंच. बंदी त्या धाग्यापुरती आणि मार्च १९६८ पर्यंतच होती, म्हणून टिकली.

मालाडकर: साठ वर्षांपूर्वीचा निकाल काढलात! आज पाच वर्षांचा करार देतंय कोण?

फोर्टची वकील: बाँड देतात की. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडलं तर दोन लाख भरा, अशी अट होती. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. सरकारी बँकेच्या भरतीचा खर्च तिथे विचारात घेतला गेला, त्यामुळे प्रत्येक खासगी बाँड टिकेलच असं मी म्हणत नाही.

पवईचा एचआर: सोडल्यानंतर तीन महिने पूर्ण पगार देऊन घरी बसवलं तर? माणसाचं नुकसान काय? आमच्या करारात तसंच आहे आणि ते कायदेशीर आहे.

फोर्टची वकील: नाही. व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने नेमकं हेच नाकारलं. नोकरी संपल्यावर पगार दिलात तरी दुसरीकडे काम करण्यापासून अडवणं ते अडवणंच. नोटीस पिरियड चालू असताना घरी बसवलंत तर गोष्ट वेगळी.

दादरच्या क्लासवाल्या बाई: सगळ्यांना नोकरदाराचाच पुळका! माझ्याकडे शिकवणाऱ्या मुलाने नोकरी सोडली आणि समोरच्या गल्लीत क्लास काढला. माझ्या वहीतून पालकांचे नंबर उतरवून नेले. अख्खी बॅच गेली. हा न्याय?

फोर्टची वकील: बाई, त्याचा क्लास बंद पाडता येणार नाही. वही उतरवली हे सिद्ध झालं तर त्या यादीच्या वापराविरुद्ध मात्र दाद मागता येईल. पुरावा काय आहे?

दादरच्या क्लासवाल्या बाई: पालकच सांगतात की फोन आला म्हणून. आणखी काय पाहिजे?

चार्टर्ड ठाणेकर: कोर्टाचं काय घेऊन बसलात! कंपन्या खटला भरतच नाहीत, रिलीव्हिंग लेटर दाबून ठेवतात. माझं अडवलं, नव्या ठिकाणी जॉइनिंगच्या दिवशी मला गेटवरून परत पाठवलं. कलम २७ काय चाटायचंय?

पवईचा एचआर: हँडओव्हर दिलात का? लॅपटॉप परत केलात? लोक व्हॉट्सॲपवर राजीनामा टाकून गायब होतात आणि वर लेटर मागतात.

चार्टर्ड ठाणेकर: सगळं दिलं, पोच घेतली. तुमच्यासारखेच लोक आमच्या पोटावर पाय देतात.

पवईचा एचआर: तोंड सांभाळून. मी आजवर कुणाचं लेटर अडवलेलं नाही.

फोर्टची वकील: दोघेही थांबा. पोच आहे ना? मग लेखी मागणी करा आणि उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस पाठवा. लेटर अडलं म्हणून बंदी वैध होत नाही.

मालाडकर: बरं, "सगळं रद्दबातल" हा शब्द मागे घेतो, खूश? पण नव्वद दिवसांच्या नोटिशीतले तीसच भरले, बाकीच्यांचे पैसे दिले आणि गेलो, तर मी मुदतीच्या आत की बाहेर?

फोर्टची वकील: पैसे भरून सुटायची सोय करारात असेल तर बाहेर, असं मी कोर्टात मांडेन. सोय कंपनीच्या मर्जीवर ठेवली असेल तर समोरचा वकील कल्याणचाच निकाल वाचून दाखवेल. कलमाची भाषा इथे टाका, नाव-गाव खोडून.

पवईचा एचआर: आमच्याकडे मर्जीवरच आहे. आणि ते टिकेल, बघाच.