निऑन बोर्डच्या फोटोत 'मीसळ'चं 'मिसळ' करायचंय, उजेडाचं काय करू?

सायली_न
नात्यातल्या एकांनी मिसळीचं दुकान काढलंय. आत विटांच्या भिंतीवर लाल-नारिंगी निऑन बोर्ड आहे, खाली स्टीलचं काउंटर. बोर्डवाल्याने 'मीसळ' केलंय! बोर्ड बदलून मिळणार आहे, पण मेन्यूकार्ड परवा छापायला जातंय. फोटो रॉ आहे, फोटोशॉप येतं. मी म आणि वेलांटी कापून इकडची तिकडे केली, तर भोवती चौकोनी डाग दिसतो आणि अक्षर चिकटवल्यासारखं वाटतं. कसं करावं?

खमंग_कट्टा
मुळात बोर्डवाल्याकडून पैसे परत घ्या. आमच्या सोसायटीच्या पाटीवर 'सहनिवास'चं 'सहनीवास' झालं होतं, तीन वर्षं तसंच आहे.

डीटीपी_दादा
सोपं आहे. अक्षर पेन टूलने काढा, लेयर स्टाइलमधून Outer Glow द्या, रंग लाल. पाच मिनिटांचं काम.

सायली_न
दादा, ते करून पाहिलं. ग्लो येतो, पण विटांवर लाल धुकं पसरल्यासारखं दिसतं.

रात्रपाळी
धुकं दिसणारच, कारण फोटोत दोन वेगळे उजेड आहेत आणि Outer Glow त्यातला एकच देतो. पहिला कॅमेऱ्यातला: लेन्समध्ये पसरून नळीभोवती जे वलय येतं ते. ते विटा, सांधे, सगळ्यांवर सारखंच चढतं. दुसरा भिंतीवर खरोखर पडलेला. तो विटेवर उजळ दिसतो आणि सांध्याच्या खाचेत कमी, म्हणजे भिंतीचा पोत त्यात राहतो. तुम्ही भिंतीवरही पहिलाच घातलात.

तुमचं एक नशीब चांगलं आहे. 'मी' आणि 'मि' यांची रुंदी जवळपास सारखीच. वेलांटीचा दांडा उजवीकडून डावीकडे जातो आणि म उजवीकडे सरकतो. स, ळ जागचे हलत नाहीत. त्यामुळे लांबच्या भिंतीवरचा उजेड तसाच ठेवा. बदल फक्त नळीच्या आसपास.

आधी जुना म आणि दांडा पुसा. क्लोनचा नमुना काळोख्या कोपऱ्यातून घेऊ नका, ळच्या पलीकडे नळीपासून तेवढ्याच अंतरावर असलेल्या विटा घ्या, म्हणजे उजेडाची पातळी जुळेल. चौकोनी डाग यामुळेच आला: कापलेल्या तुकड्यासोबत शेजारच्या अक्षराचं वलयही आलं.

मग नळी नव्याने काढा. जाडी 'स'वरून मोजा. गाभा लाल नको, जवळजवळ पांढरा ठेवा आणि कडेला नारिंगी, कारण एक्स्पोजरमध्ये लाल चॅनेल आधीच भरून गेलेला असतो. रंग वलयातून उचला, गाभ्यातून नाही.

वलयासाठी नळीच्या दोन-तीन प्रती, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त Gaussian Blur करून, Linear Dodge (Add) मध्ये. माझ्या अंदाजे सुरुवात नळीच्या जाडीच्या अर्ध्यापासून करा, शेवटची प्रत जाडीच्या सात-आठ पट. मग ळच्या टोकाशी ताडून बघा.

भिंतीसाठी मात्र रंग ओतू नका. Curves लेयर घ्या, त्यात लाल जास्त आणि हिरवा जरा उचला, आणि मास्कमध्ये तीच नळी ब्लर करून भरा. मग विटेचा पोत आपोआप उजळतो, सांधे काळे राहतात. नळी भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर पुढे असते, म्हणून फोटो तिरका असेल तर भिंतीवरचा उजळ पट्टा नळीच्या बरोबर मागे नसतो, बाजूला सरकलेला असतो. 'स'मागचा पट्टा किती सरकलाय ते बघून मास्क तेवढाच सरकवा.

डीटीपी_दादा
बरं. पण मी रोज Outer Glow वरच काम चालवतो, गिऱ्हाइकाला कळत नाही.

रात्रपाळी
साध्या काळ्या पार्श्वभूमीवर नाहीच कळत. विटांवर कळतं.

सायली_न
जमलं! १६ बिटमध्ये केलं, नाहीतर वलयात पट्टे येत होते. आता मस्त दिसतंय.

टोमॅटो_शेव
काउंटरकडे बघा. तिथे अजून उलटं 'मी' आहे.

सायली_न
अरे देवा. खरंच.

रात्रपाळी
हे माझ्याही ध्यानात आलं नाही. नवी नळी उभी उलटवा आणि तिथे लावा. स्टीलवर घासल्याच्या रेषा आडव्या असतील तर प्रतिबिंब उभं ताणलं जातं, म्हणून उभ्या दिशेने Motion Blur. भिंतीपासून दूर, काउंटरच्या पुढच्या कडेकडे जाताना ब्लर वाढवा. जुनं प्रतिबिंब कसं पुसायचं हे फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बोर्ड बंद असतानाचा त्याच जागेवरून फोटो आहे का?

सायली_न
नाही. आणि आता दुकान भरलेलं असतं, ट्रायपॉडला जागाच नाही.

खमंग_कट्टा
काउंटरवर मिसळीचं ताट ठेवून झाका की.

सायली_न
ताटाच्या वाटीतही मग लाल झाक पाडावी लागेल ना... तरी उद्या दोन्ही करून बघते.