मदत हवी आहे: बारावीची परीक्षा आणि सोसायटीतला आवाज, ग्रुपवर काय लिहू?

प्रतापनगरची_आई
मुलीची बारावी सुरू आहे. आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर आवाज कमी ठेवा असं सांगायचं आहे, पण भांडण नको. काल रात्री हे टाकलं: "काही लोकांना दुसऱ्यांच्या मुलांच्या परीक्षेचं काहीच नसतं. कृपया समजून घ्या." दोघांनी अंगठा दिला आणि एक काकू ग्रुप सोडून गेल्या. आता काय लिहू? लवकर सांगा, परवा फिजिक्स आहे.

खामला_एक्स्प्रेस
आवाज कशाचा, कोणत्या वेळी? ते तर सांगितलंच नाही ताई. आणि "काही लोकांना" हा शब्द काढा. वाचणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यालाच मारलेला टोमणा वाटतो.

कायदा_भाऊ
निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवर ॲप घ्या, रीडिंगचा फोटो ग्रुपवर टाका, नाही ऐकलं तर ११२. काहून घाबरून राहिल्या?

प्रतापनगरची_आई
वरच्या फ्लॅटमध्ये काम सुरू आहे. दिवसभर घर्र घर्र.

साइट_सुपरवायझर
मग हा ग्रुपचा विषयच नाही, एका घराचा आहे. चाळीस घरांना कशाला सांगता? काय काम आहे: जुनी टाइल्स तोडणं, टाइल कापणं की सुताराचं?

प्रतापनगरची_आई
बाथरूम तोडून राहिले. हॉलमध्ये फर्निचरही.

साइट_सुपरवायझर
तोडफोडीची मशीन स्लॅबवर आदळते, आवाज स्लॅब-भिंतीतून खाली उतरतो. म्हणून खिडक्या लावून फारसा फरक पडत नाही. "काम बंद ठेवा" म्हणू नका. मजुरांची रोजी आणि मशीनचं भाडं चालू असतं, उत्तर "नाही"च येईल. काम मागेपुढे करायला सांगा.

पेपर सकाळी ११ चा असला की मुलगी १० च्या आसपास निघते, दोननंतरच परत येते. त्या दिवशी तोडफोड, ग्राइंडर, भिंतीत खाचा मारणं, सगळं १०:३० ते १:३० मध्ये करा म्हणा. सुट्टीच्या दिवशी ११ ते १ एवढंच. बाकी वेळात वायर ओढणं, प्लास्टर, पुट्टी, टाइल बसवणं. मिस्त्रीला ही कामं असतातच, फक्त क्रम बदलतो. फक्त टाइल बसवतानाही मधेमधे कटर लागतो. मापं घेऊन तुकडे आधीच कापून ठेवायला सांगा.

खामला_एक्स्प्रेस
आणि हे मेसेजवर नको, संध्याकाळी सातच्या आसपास वर जाऊन बोला. रागात रात्री साडेदहाला लिहिलेला मेसेज सकाळी वाचला की दुप्पट कडक वाटतो.

मनीषनगर_कूलरवाले
कूलरचं कोणी बोलत नाही. मार्च लागला की शेजारच्याचा कूलर आमच्या खिडकीत रात्रभर धडधडतो. जाळी, पंप की बेअरिंग, काय बदलायला सांगू?

खामला_एक्स्प्रेस
स्टँडखाली रबराचे तुकडे ठेवायला सांगा. पण नवा धागा काढा भाऊ.

कायदा_भाऊ
विनंती करत बसा, चार दिवस जातील. नियम आहे म्हणजे आहे.

साइट_सुपरवायझर
नियम आहे, मान्य. बांधकामाची आवाजी यंत्रं निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ चालवता येत नाहीत, तेव्हा ११२ ठीक. पण दुपारी बारा वाजता पोलीस येऊन कटर बंद करतील अशी आशा ठेवू नका. आणि मोबाइलचं रीडिंग फोनागणिक बदलतं, ते ग्रुपवर टाकलं की वाद रीडिंगवरच होतो.

प्रतापनगरची_आई
वर गेले होते. घरमालक पुण्यात असतात, इथे फक्त कंत्राटदार. तो "साहेबांना विचारा" म्हणतो.

साइट_सुपरवायझर
हे आधी सांगायचं ना! मालकांना खासगी मेसेज करा. कंत्राटदाराला वेळ वाढवून द्यायचा अधिकार त्यांनाच. असं लिहा:

"नमस्कार दादा, खालच्या फ्लॅटमधून. मुलीची बारावी सुरू आहे. काम थांबवा असं म्हणत नाही. पेपरच्या दिवशी तोडफोड आणि कटिंग १०:३० ते १:३०, इतर दिवशी ११ ते १ एवढ्यात झालं तर मदत होईल. बाकी काम चालू राहू द्या. शेवटच्या पेपरनंतर आमची काही अडचण नाही. तारखा खाली देते. कंत्राटदाराला तसं कळवाल का?"

तारखा नक्की लिहा. "परीक्षा संपेपर्यंत" म्हटलं की समोरच्याला दोन महिने वाटतात.

खामला_एक्स्प्रेस
आणि त्या काकूंना फोन करा. "ते तुमच्यासाठी नव्हतं" एवढंच.

प्रतापनगरची_आई
मेसेज पाठवला. निळी खूण आली, उत्तर नाही. काकूंना करते फोन. वरून आत्ताही ग्राइंडर सुरू आहे.

कायदा_भाऊ
मी काय म्हणत होतो?

साइट_सुपरवायझर
सकाळी मालकांना फोनच करा. परवाच्या १०:३० चं तेवढं पक्कं करून घ्या, बाकीचं नंतर.